सबटायटल्स माणसाची की यंत्राची? पारखताना या चुका टाळा

परभाषेतला अडीच तासांचा चित्रपट लावण्याआधी त्याची सबटायटल्स पारखायला दहा मिनिटे पुरतात. मात्र बहुतेक जण ती चित्रपटाच्या सुरुवातीलाच खर्च करतात, आणि नेमकी तिथेच फसगत होते. सुरुवातीला श्रेयनामावली, संगीत आणि 'चल', 'थांब' असे सुटे शब्द असतात, जे यंत्रालाही बिनचूक जमतात. त्यापेक्षा मधला एखादा असा प्रसंग काढावा, ज्यात तीन-चार माणसे तिथे नसलेल्या कोणाविषयी बोलत आहेत, आणि तो पाच मिनिटे सलग पाहावा.

मल्याळम चित्रपटाची इंग्रजी सबटायटल्स तपासत आहोत असे समजू. मराठीत 'आला', 'आली', 'आलो' यावरून कर्ता कळतो. मल्याळममध्ये मात्र 'वन्नु' हे एकच रूप मी, तू, तो, ती या सर्वांना चालते, आणि कर्ता पुष्कळदा उच्चारलाच जात नाही. दृश्य पाहून काम करणाऱ्या अनुवादकाला कोणाविषयी बोलणे चालले आहे हे ठाऊक असते, तर सुटी ओळ हाती आलेले यंत्र अंदाज बांधते. त्यामुळे मेहुण्याची निंदा चालू असताना एका ओळीत 'तो', पुढच्या ओळीत 'ती' आणि तिसऱ्या ओळीत 'मी' दिसले, तर संशय पक्का धरावा. 'चेट्टन' म्हणजे थोरला भाऊ, पण अनेक बायका नवऱ्यालाही याच शब्दाने हाक मारतात. तिथे नवऱ्याचा 'भाऊ' झाला, की आणखी पुरावा शोधण्याची गरज नाही. बोलण्यातला 'पुळ्ळी' म्हणजे 'तो गृहस्थ', पण त्याच शब्दाचा अर्थ ठिपका असाही होतो, आणि मग गंभीर संवादात अचानक ठिपका अवतरतो.

स्पेलिंगच्या चुकांवरून यंत्राला दोष देणे ही आणखी एक नेहमीची चूक. घाईत टंकणारा माणूसच स्पेलिंग चुकतो. यंत्राची वाक्ये बहुधा स्वच्छ असतात, फक्त प्रसंगाशी जुळत नाहीत. पडद्यावर पत्र किंवा दुकानाची पाटी जवळून दाखवली असेल तर तीही पाहावी, कारण केवळ आवाज ऐकून तयार केलेल्या सबटायटल्समध्ये ती कोरीच राहते.

'CC' या खुणेवरही विसंबू नये. दाराची टकटक, पावसाचा आवाज अशा नोंदी कर्णबधिर प्रेक्षकांसाठी दिल्या आहेत, असे ती साधारणपणे सांगते. त्या कोणी लिहिल्या, हे सांगत नाही. यूट्यूबवर मात्र सबटायटल्सच्या यादीत 'auto-generated' असे लिहिलेले असते, आणि 'Auto-translate' निवडून मिळणारी भाषा यंत्राचीच असते.

शेवटी चित्रपटाच्या अखेरच्या मिनिटात जाऊन अनुवादकाचे नाव येते का, ते पाहावे. नाव असल्यास तो चांगला पुरावा आहे, पण निर्णायक नव्हे, कारण यंत्राचा मसुदा दुरुस्त करणाऱ्याचेही नाव लागू शकते. नाव नसल्यास त्यावरून काहीच ठरत नाही. चांगले काम करूनही श्रेय न मिळालेले अनुवादक या व्यवसायात आहेतच, आणि अशा वेळी तो मेहुण्याचा प्रसंगच पुन्हा लावून पाहावा.