प्रॅक्टिसच्या वेळेचा मेसेज टाकताना या चुका टाळा

वडोदऱ्यातल्या आमच्या क्रिकेट क्लबच्या ग्रुपवर मी शनिवारी रात्री सव्वाबाराला टाकलेला हा मेसेज:

> उद्या 🌅 प्रॅक्टिस 🏏 🕡 पोलो ग्राउंड! कोण कोण येतंय? 🔥🔥💪

चौदा जणांनी 👍 दिला. सकाळी साडेसहाला मैदानावर आम्ही पाच जण होतो, आणि अंधार इतका की मॅटचे खिळे मोबाईलच्या टॉर्चवर ठोकावे लागले. तीन मुलं सोमवारी सकाळी जाऊन परत आली. त्यांचं चुकलं नव्हतं. बारा वाजून गेले म्हणजे रविवार लागला होता, आणि रविवारचं "उद्या" म्हणजे सोमवारच.

तेव्हापासून मी "उद्या" आणि "परवा" लिहीतच नाही. आपल्या मराठीत "परवा" मागचाही असतो आणि पुढचाही. ग्रुपमधल्या गुजराती मुलांचं "काले" तर होऊन गेलेल्या दिवसालाही चालतं आणि येणाऱ्यालाही. त्यामुळे वार आणि तारीख दोन्ही लिहा. वार चुकला तर तारखेवरून कुणीतरी लगेच विचारतं.

दुसरी चूक घड्याळाच्या इमोजीची. 🕡 म्हणजे साडेसहा आणि 🕖 म्हणजे सात, पण एवढ्याशा चित्रात काटे कोण न्याहाळणार? शिवाय त्यात सकाळ-संध्याकाळही कळत नाही. वेळ आकड्यात लिहा आणि इमोजी त्याच्या शेजारी शोभेला ठेवा. एक सोपी परीक्षा आहे. मेसेजमधले सगळे इमोजी पुसून टाका. उरलेल्या शब्दांत दिवस, वेळ आणि जागा शाबूत राहिली तर मेसेज बरोबर आहे.

आता सगळ्यात मोठा घोळ: ती वेळ नेमकी कशाची? मी साडेसहा लिहिलं ते मैदानावर यायची वेळ म्हणून, काहींनी ते पहिला बॉल पडायची वेळ म्हणून वाचलं. मॅट अंथरून, ताणून, खिळे ठोकून जाळी बांधायला आम्हाला वीस मिनिटं लागतात. हे काम दर वेळी त्याच दोघा-तिघांवर पडतं आणि मग मनं दुखावतात. म्हणून दोन वेळा लिहा, हजर राहायची आणि पहिल्या बॉलची.

वेळ ठरवताना सूर्यही बघा. वडोदरा देशाच्या पश्चिमेला असल्यामुळे इथे उजाडतंच उशिरा. मे महिन्यात सहाच्या आसपास सूर्य उगवतो, जानेवारीच्या मध्यावर मात्र सात वाजून वीस मिनिटांनी. उन्हाळ्यातला मेसेज उचलून जानेवारीत डकवला की बॅट्समनला बॉल दिसत नाही, आणि अंधुक उजेडात टणक लेदर बॉल खेळणं धोक्याचं आहे.

👍 चा अर्थही आधी ठरवून घ्या. कुणासाठी तो "वाचलं" असतो, कुणासाठी "येतो". व्हॉट्सॲपवर पोल टाकून "येतो" आणि "नाही" असे दोनच पर्याय द्या आणि उत्तराची मुदतही सांगा. किती बॉल न्यायचे, एक जाळी लावायची की दोन, हे त्यावरच ठरतं.

उशीर करणाऱ्यांसाठी मी एकदा 😏 टाकला होता. एक सोळा वर्षांचा मुलगा त्यानंतर दोन आठवडे आलाच नाही. त्याच्या आईची सकाळची ड्युटी असते आणि धाकट्या भावाला तोच सांभाळतो, हे मला नंतर कळलं. उशिराबद्दल बोलायचं ते एकट्याला फोन करून. ग्रुपवर सगळ्यांना हसू येईल तेवढेच इमोजी असावेत.

मी आता शुक्रवारी संध्याकाळी टाकतो तो मेसेज असा असतो:

> मंडळी, नमस्कार 🙏
> रविवार, 18 जानेवारी, सकाळी 🏏
> 7:10 मैदानावर हजर, मॅट आणि जाळी सगळे मिळून लावू
> 7:30 पहिला बॉल, 9:30 ला संपवू
> पोलो ग्राउंड, नेहमीच्या झाडाखाली 🌳
> उत्तरायणचा मांजा अजून गवतात पडलाय, बूट घालूनच या आणि पळायच्या आधी आपली बाजू साफ करू.
> शनिवारी रात्री 9 पर्यंत खालच्या पोलवर सांगा. उशीर होणार असेल तर कळवा, चहा राखून ठेवतो ☕😄

यात इमोजी पाचच आहेत आणि एकही शब्दाच्या जागी बसलेला नाही.

वेळ बदलली तर हा मेसेज एडिट करू नका. एडिट करायला पंधरा मिनिटंच मिळतात, आणि ज्याने आधी वाचलाय त्याला नवी सूचना जात नाही, तो जुन्याच वेळेला पोहोचतो. नवा मेसेज टाका, पहिल्या ओळीत "वेळ बदलली ⚠️" लिहा, तो पिन करा आणि जुना सगळ्यांसाठी डिलीट करा. बदल रात्री उशिरा झाला असेल तर पोलवर "येतो" म्हणालेल्यांना एकेक फोन लावा. आमच्याकडे हे काम विकेटकीपर करतो, कारण त्याचा फोन सगळे उचलतात.