57.2350 म्हणजे नक्की किती? कोनाच्या एककांतल्या या चुका टाळा

इमारतीची लाइन-आउट, म्हणजे जमिनीवरची आखणी, चालू होती. कोन आणि अंतर मोजणारं टोटल स्टेशन भाड्याचं, सकाळीच आलेलं. यादीत एका कोपऱ्याचा कोन 57.2350 आणि अंतर 50 मीटर असं लिहिलं होतं. मी मशीन 57.2350 वर फिरवलं, पोराला प्रिझम घेऊन पाठवलं, तर खुंटी थेट शेजारच्या कंपाउंडपलीकडे जायला लागली. मशीन ग्रेडियनवर होतं.

ग्रेडियन, म्हणजेच गॉन, हे फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातल्या मेट्रिक मापांचं भावंड. काटकोनाचे 90 ऐवजी 100 भाग, पूर्ण फेरीचे 400. पृथ्वीवर विषुववृत्त ते ध्रुव हे अंतर साधारण 10,000 किलोमीटर, म्हणून अक्षांशाचा एक गॉन म्हणजे 100 किलोमीटर. फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंडकडचे सर्वेअर आजही गॉनमध्ये काम करतात, म्हणून ते जवळजवळ प्रत्येक टोटल स्टेशनच्या मेनूत असतं. आपल्याकडे कुणी ते मुद्दाम निवडत नाही. आधीच्या माणसाने बटणांशी केलेल्या खेळात ते निवडलं जातं.

57.2350 गॉन म्हणजे 51.5115 अंश. यादीतला आकडा मात्र 57 अंश 23 मिनिटं 50 सेकंद असा वाचायचा होता. आपल्याकडे टिंबानंतर मिनिटं-सेकंद जोडून लिहायची सवय आहे. फरक जवळपास 5.89 अंशांचा, त्यामुळे 50 मीटरवर खुंटी 5.13 मीटर सरकली. एवढी चूक आंधळ्यालाही दिसते.

खरी फजिती पुढे झाली. मी घाईत सेटिंग गॉनवरून अंशांवर आणलं, पण मेनूत अंशांचे दोन पर्याय होते आणि मी दशांश अंशांचा निवडला. मग 57.2350 म्हणजे 57 अंश 14 मिनिटं 6 सेकंद. हव्या असलेल्या कोनापेक्षा 0.1622 अंश कमी, म्हणजे 50 मीटरवर 14 सेंटिमीटर. खुंटी प्लॉटच्या आत, दिसायला अगदी जागेवर. मशीनपासूनचं अंतर टेपने मोजलं तरी बरोबर 50 मीटर, कारण चूक कोनात होती. शेजारच्या खुंटीपासून कर्ण ताणला तेव्हा कुठे जुळेना.

तेव्हापासून मशीन लावलं की मी आधी एक गोष्ट करतो. आडवा कोन शून्य करायचा आणि मशीन डावीकडे केसभर फिरवायचं. पडद्यावर 359 अंश 59 मिनिटं दिसली तर अंश-मिनिटं-सेकंद. 359.99 दिसलं तर दशांश अंश, 399.99 दिसलं तर गॉन, 6399 च्या आसपास दिसलं तर मिल, हे कोनाचंच आणखी एक एकक. दहा सेकंदांचं काम.

कागदावर आलेल्या जुन्या आकड्यांना हा उपाय चालत नाही. तिथे टिंबानंतरच्या जोड्या बघायच्या. 71.8432 मधला 84 मिनिटांचा असू शकत नाही, कारण मिनिटं 59 च्या पुढे जात नाहीत. म्हणजे हा गॉन किंवा दशांश अंश. यादीत एखादा कोन 360 च्या वर असेल तर तो अंशांत नाही, गॉन किंवा मिल; 400 च्या वर असेल तर मिलच. त्रिकोणाचे तीन कोन असतील तर बेरीज करा: 180 की 200?

कॅल्क्युलेटरवरही हीच गाठ पडते. पडद्याच्या वर बारीक D, R किंवा G असतं. `sin 30` काढून 0.5 आलं तर अंश, 0.454 आलं तर ग्रेडियन, उणे 0.988 आलं तर रेडियन. ग्रेडियनसाठी लिहिलेल्या `Gra` चा रस्त्याच्या चढाशी काही संबंध नाही, तरी अनेकांना तसं वाटतं. शंभर टक्के चढ म्हणजे 45 अंश, म्हणजे 50 गॉन. एक्सेल तर फक्त रेडियन ओळखतं, म्हणून गॉनसाठी असं लिहावं लागतं:

```
=SIN(A2*PI()/200)
```

मिल मुळात तोफखान्याचं. सोय अशी की एक किलोमीटरवर एक मिल म्हणजे जवळपास एक मीटर, त्यामुळे गोळा किती बाजूला पडला ते तोंडी काढता येतं. खरा मिलिरेडियन धरला तर फेरीत 6283 बसतात. त्याचे सरळ भाग पडत नाहीत, म्हणून नाटोने 6400 धरले आणि सोव्हिएत पद्धतीत 6000. रशियन काटकोन 15-00 असा मधे रेघ देऊन लिहितात. त्यामुळे 800 मिल एका पद्धतीत 45 अंश, दुसरीत 48. दहा किलोमीटरवर हा फरक अर्ध्या किलोमीटरच्या वर जातो. टोटल स्टेशनच्या मेनूतला मिल 6400 चा असतो, तर बंदुकीच्या दुर्बिणीवरचा सहसा 6283 चा. त्यामुळे नुसतं ‘मिल’ लिहिलेला कागद हातात आला, तर फेरीत किती मिल धरलेत हे विचारल्याशिवाय मी तो वापरत नाही.