उद्याची यादी, बारक्यासाठी

कॅप्टन, ९:४८
जेवलास का? बाकी दोघं झोपले, म्हणून ग्रुपवर न टाकता तुला इथेच लिहितोय. उद्याच्या पबजी मॅचच्या तयारीचं एकेक सांगतो. वाचून नुसता अंगठा टाकू नकोस, प्रत्येकाला उत्तर दे.

बारक्या, ९:५०
जेवलो दादा. सांग.

कॅप्टन, ९:५५
आधी हिशेब, कारण बाकीचं सगळं त्यावरून ठरतं. बारा मॅच झाल्या, सहा राहिल्या. आपण १०९, पहिली टीम ११८. चिकनचे, म्हणजे पहिल्या नंबरचे १०, दुसऱ्याला ६, मग ५, ४, ३, २, आणि सातव्या-आठव्याला एकेक. नववा असो की सोळावा, भोपळा. फिनिशला, म्हणजे समोरचा एक मारला की एक गुण, नंबर कुठलाही असो. समज आपण एक चिकन काढलं आणि सोबत सात फिनिश घेतले, तर १७. त्याच मॅचमध्ये ते चौथे आले आणि चार फिनिश मिळाले, तर ८. नऊचा फरक एका मॅचमध्ये फिटला. त्यामुळे पहिल्याच मॅचला जीव द्यायची गरज नाही. सहाच्या सहा मॅचमध्ये पहिल्या आठात राहायचं, आणि त्यातली एक-दोन मोठी करायची.

बारक्या, ९:५७
पहिली मॅच सॅनहॉक मॅपवरच ना?

कॅप्टन, ९:५८
हो. सॅनहॉक एक, मग तीन एरंगेल, शेवटच्या दोन मिरामार. सॅनहॉक चार बाय चारचा, बाकी दोन्ही आठ बाय आठ. तिथे लांबच्या गाडीप्रवासाचा प्रश्नच नाही, पण सुरक्षित झोन लवकर आक्रसत अंगावर येतो, म्हणून तिथे स्मोक ग्रेनेड जास्त घे. गोळ्या थोड्या कमी असल्या तरी चालेल. खरं डोकं लावायचंय ते एरंगेलला, कारण आपली उतरायची जागा, यास्नाया.

बारक्या, ९:५९
मला माहीत होतं तू हा विषय काढणार.

कॅप्टन, १०:०१
आजच्या शेवटच्या एरंगेलला तुझे जुने टीमवाले आपल्या यास्नायात उतरले. चौदाव्या नंबरवर आहेत, त्यांना गमवायला काही उरलेलं नाही. उद्याही येतील.

बारक्या, १०:०२
येऊ दे की. मी त्यांच्यात खेळलोय दादा. मला काढलं तेव्हा सांगितलं होतं, हा लॅनला, हॉलमधल्या मॅचला टिकत नाही म्हणून. आता आपल्याच जागेवर येतात. एकदा तिथेच झोपवू या त्यांना.

कॅप्टन, १०:०६
चल, झोपवले असं धर. चार फिनिश, चार गुण. पण लुटीच्या आधीची मारामारी पिस्तूल आणि शॉटगनवर चालते, त्यात आपलेही दोघं जातात. उरलेले दोघं लपत-छपत पाचवे आले, त्याचे तीन. एकूण सात. हा चांगला दिवस झाला. वाईट दिवशी आपण सोळावे, शून्य, आणि पहिली टीम दुसरीकडे आरामात लूट करतेय. त्यांना आपल्याला मारूनही वर जाता येत नाही, आपण मात्र त्यांच्यामुळे खाली येऊ शकतो. हे भांडण दोन्ही बाजूंना सारखं महाग नाही.

बारक्या, १०:१३
दादा, एक सांगायचं होतं. रागावू नकोस.

कॅप्टन, १०:१३
बोल.

बारक्या, १०:१४
फोनची स्क्रीन वरच्या कोपऱ्यात उचलल्यासारखी झालीय. कडेने उजेडाची बारीक रेघ दिसते. दुपारी वाटलं ग्लास सुटली असेल. आता मागचा भागही थोडा फुगलाय. टेबलावर ठेवला की डुगडुगतो.

कॅप्टन, १०:१५
दाबलास का?

बारक्या, १०:१५
एकदा.

कॅप्टन, १०:१९
आता दाबायचा नाही, चार्जिंगला लावायचा नाही, कव्हर घालून आवळायचा नाही. बॅटरी फुगलीय. उद्या हॉलमधल्या लाइटखाली सहा मॅच त्यावर खेळायचा विचारही करू नकोस. गादीवर असेल तर आधी उचल, टेबलावर किंवा फरशीवर ठेव. बंद करण्याआधी दोनच मिनिटांचं काम: गेममध्ये लेआउट आणि सेन्सिटिव्हिटी दोन्ही क्लाउडवर चढव आणि दोघांचे कोड कागदावर उतरव. जायरोच्या, म्हणजे फोन हलवून नेम धरायच्या सेटिंगच्या पानाचा फोटो रूममेटच्या फोनवर काढून ठेव, कोड चुकला तर आकडे हाताने भरता येतील. नंतर सिम काढ आणि फोन बंद कर. रात्रभर बाथरूमच्या कोरड्या फरशीवर राहू दे, कपड्यांपासून लांब. परतीच्या विमानात तो चालणार नाही, त्याचं इथेच काहीतरी करू.

बारक्या, १०:३१
कोड उतरवले. फोटो काढले. फोन बंद. आता रूममेटच्या फोनवरून बोलतोय, तो घोरतोय.

कॅप्टन, १०:३३
टीमचा स्पेअर माझ्याकडे आहे. मॉडेल तुझंच, पण त्यावर कोणी खेळलेलं नाही. दार उघड, आणून देतो. मॅनेजरला मेसेज टाकलाय, सकाळी डिव्हाइस तपासणीला उघडताच रेफ्रींना नवा फोन दाखवायचा. मॅचच्या पाच मिनिटं आधी सांगितलं तर तुझ्याशिवाय तिघं खेळू.

बारक्या, १०:५२
दादा, लॉगिन होत नाहीये. ओटीपी बाबांच्या नंबरवर जातोय. आयडी काढला तेव्हा माझ्याकडे नंबर नव्हता.

कॅप्टन, १०:५२
मग लाव फोन बाबांना.

बारक्या, १०:५३
ते साडेनऊला झोपतात. पहाटे दुधाच्या गाडीला उठतात.

कॅप्टन, १०:५४
आत्ता झोपेतून उठलेले बाबा परवडले, सकाळी दूध घालायला गेलेले आणि फोन घरी ठेवलेले बाबा नाही परवडणार.

बारक्या, ११:०३
मिळाला. आईने उचलला. आधी विचारलं जेवलास का, मग ओटीपी वाचायला चष्मा शोधला, तोपर्यंत पहिला संपला. दुसरा आला. बाबा मागून म्हणाले, जिंकल्याचा फोन असता तर उठलो असतो.

कॅप्टन, ११:०४
😄 बरोबर बोलले. आता मॅपचे पॅक बघ. नव्या फोनवर सॅनहॉक आणि मिरामार आपोआप नसतात, वेगळे डाउनलोड करावे लागतात. हॉटेलच्या वायफायवर आत्ताच लाव. हॉलमध्ये सोळा टीम एकाच वेळी असतील, तिथे डाउनलोड करत बसू नये.

बारक्या, ११:२०
लागलेत. लेआउट आला, सेन्सिटिव्हिटी आली. पण ग्राफिक्स भलतेच दिसतायत.

कॅप्टन, ११:२४
ते हाताने लाव. स्मूथ, आणि फ्रेम रेट जुन्या फोनवर होता तोच. इथे जास्त मिळतोय म्हणून वाढवू नकोस, हाताची सवय एका रात्रीत बदलत नाही. ऑटो ब्राइटनेस बंद, डू नॉट डिस्टर्ब चालू, ऑटो अपडेट बंद. आता जायरो. फोन टेबलावर सपाट ठेवून कॅलिब्रेट कर, हातात धरून नाही. मग ट्रेनिंग ग्राउंडला जा, सिक्सएक्स स्कोप लाव, जायरो चालू ठेव आणि फोन पुन्हा टेबलावर ठेवून हात काढ. क्रॉसहेअर भिंतीच्या एका ठिपक्यावर दहा सेकंद थांबलं तर ठीक. आपोआप एका बाजूला सरकत असेल तर कॅलिब्रेशन नीट झालेलं नाही, परत कर.

बारक्या, ११:३१
पहिल्यांदा उजवीकडे हळूहळू सरकत होतं. परत केलं, आता थांबलंय. एम४१६ रायफलला थ्रीएक्स लावून स्प्रे मारला, पहिल्या दहा गोळ्या जुळतात, नंतर वर जातात.

कॅप्टन, ११:३५
जुन्या फोनवर ग्लास घासलेली होती, हिच्यावर नवी आहे. बोट वेगळं सरकतं, म्हणून खाली ओढणं कमी पडतं. आकडे बदलू नकोस. बोटाची स्लीव्ह नवी घाल आणि अर्धा तास मार, जमेल. नाही जमलं तर ग्लास काढून खेळ. आणि उद्या सॅनहॉकला पहिली एन्ट्री तू घेणार नाहीस. स्मोक, गाडी आणि उठवणं. हाताला एक मॅच दे.

बारक्या, ११:५८
ग्लास काढली. आता पंचवीस गोळ्या एका जागी.

कॅप्टन, १२:०१
वा. आता शेवटचं. आज तीन मॅचमध्ये मी आधी गेलो आणि त्यानंतर तिघंही एकाच वेळी बोलत होता. मी नॉक झालो की कॉल तुझा. मी उठलो तरी ती लढाई संपेपर्यंत तुझाच. दुसऱ्यांनी फक्त माहिती द्यायची: किती, कुठे, कंपासचा आकडा. ‘दोन, झाडामागे, १९५’ एवढंच. डावीकडे-उजवीकडे नाही, प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला असतं. निर्णय एकाच तोंडातून आला पाहिजे.

बारक्या, १२:०२
मी? वयाने मी सगळ्यात लहान आहे.

कॅप्टन, १२:०४
सपोर्ट मागे असतो, त्याला सगळा नकाशा दिसतो. शिवाय यास्नायाचा कॉलही तूच दे. ती टीम तुला माहीत आहे, मला नाही. सांग, ते उतरतात कसे?

बारक्या, १२:१२
विमान जवळून गेलं तर सरळ खाली, वेगाचा २३४ चा आकडा दिसेपर्यंत नाक खाली ठेवून. लांबून गेलं तर छत्री लवकर उघडतात आणि दोन-दोनमध्ये फुटतात. त्यांचा कॅप्टन लुटीला हावरा आहे, तिसऱ्या लेव्हलची टोपी मिळेपर्यंत निघत नाही. मग गाड्या एकामागोमाग काढतात, मॅन्शनच्या रस्त्याने. कधीच वेगळे वेगळे निघत नाहीत.

कॅप्टन, १२:१३
मग आपण काय करायचं?

बारक्या, १२:१९
विमानातून उडी मारली की मी फ्री लूक करून छत्र्या मोजतो. चार छत्र्या यास्नायाकडे आणि आपल्यापेक्षा पुढे, तर मी ‘लिपोव्का’ म्हणेन. कोणी वाद घालायचा नाही, चौघांनी वळायचं. लिपोव्काला लूट निम्मी आहे, पण कुणी नसतं. आपल्याला चार असॉल्ट रायफली, आठ-दहा स्मोक आणि दोन गाड्या मिळाल्या की पुरे. मग मॅन्शनच्या वळणावर एक गाडी आडवी लावायची, दोघं वर टेकाडावर, दोघं खाली. ते भरलेल्या बॅगा घेऊन येतील आणि थांबतील.

कॅप्टन, १२:२०
म्हणजे भांडण सोडलं नाहीस.

बारक्या, १२:२०
उतरल्या उतरल्या नको, एवढंच तू म्हणालास.

कॅप्टन, १२:२२
चालेल. पण अट ऐक. पहिला झोन दक्षिणेला मिलिटरी बेसकडे लागला, तर वळणावर बसायचं नाही. पुलावर आधी पोचणारी टीम बाकीच्यांना अडवते, आणि आपण मागे राहिलो तर त्यांची लूट आपल्या काय कामाची? तसं झालं तर बोटी बघायच्या.

बारक्या, १२:२३
लिपोव्काला किनारा आहेच. एक गाडी, एक बोट, दोन्ही बघून ठेवतो. झोन कुठला तेवढं तू ओरड, बाकी मी घेतो.

कॅप्टन, १२:२४
सकाळी नऊला लॉबीत. नवा फोन चार्जिंगला लाव, उशाशी नको.