‘अर्जुलकुम’ की ‘अर्जुलिकुम’: किराअत शिकायला बसणाऱ्यांसाठी एका आयतीचा अभ्यास

कोकणातल्या मदरशांत हिफ्ज पूर्ण करून पुढे किराअत, म्हणजे कुरआन वाचण्याच्या मान्य परंपरा, शिकण्याची इच्छा धरणारे विद्यार्थी माझ्याकडे येतात, तेव्हा मी त्यांना या वाचनांच्या सातही इमामांची नावे पाठ करायला लावत नाही. सूरह अल-माइदामधली वजूची आयत काढायला सांगतो आणि काही आठवडे तिच्यावरच थांबतो. मी स्वतः उस्तादांकडे ही विद्या शिकलो तेव्हाही या एका आयतीने मला जेवढे समजावले, तेवढे नियमांच्या पानांनी समजावले नव्हते. शिवाय रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरचे आपण बहुतेक कोकणी मुसलमान शाफई आहोत, आणि आपल्या वजूच्या ज्या बाबी हनफी शेजाऱ्यांपेक्षा वेगळ्या आहेत, त्यांपैकी काहींची चर्चा नेमकी याच आयतीभोवती फिरते.

आयतीचा आपल्याला हवा असलेला भाग असा आहे: ‘फग्सिलू वुजूहकुम व ऐदियकुम इलल मराफिकि वम्सहू बिरुऊसिकुम व अर्जुलकुम इलल कअबैन’. चेहरे धुवा, कोपरांपर्यंत हात धुवा, डोक्यावर मसह करा, म्हणजे ओला हात फिरवा, आणि घोट्यांपर्यंत पाय. पायांचे काय करायचे, हे सांगणारे वेगळे क्रियापद शेवटी येत नाही. पाय ‘धुवा’शी जोडायचे की ‘मसह करा’शी, हे ‘अर्जुल’मधल्या लामवर कोणती मात्रा आहे यावरून वाचणाऱ्याला कळते. लामवर जबर असेल, म्हणजे ‘अर्जुलकुम’ वाचले, तर शब्द कर्म म्हणून चेहरे आणि हात यांच्या रांगेत जाऊन बसतो आणि पाय धुण्याचा हुकूम होतो. लामखाली जेर असेल, म्हणजे ‘अर्जुलिकुम’ वाचले, तर तो सरळ वाचनात ‘बिरुऊसिकुम’मधल्या ‘बि’च्या अंमलाखाली येतो आणि डोक्याच्या सोबतीला जातो.

आपल्याकडच्या छापील मुसहफात जबर आहे, कारण आपण सात इमामांपैकी आसिम यांचे शिष्य हफ्स यांच्या रिवायतीने, म्हणजे त्यांनी पुढे पोचवलेल्या वाचनाने वाचतो. नाफिअ, इब्न आमिर आणि किसाई हेही जबरानेच वाचतात. इब्न कसीर, अबू अम्र आणि हमजा जेराने वाचतात, आणि त्यांच्यासोबत आसिम यांचेच दुसरे शिष्य शुअबाही जेराने वाचतात. हजरत उस्मान यांच्या काळात जे मुसहफ लिहून शहरोशहरी पाठवले गेले, त्यांत जेर-जबर नव्हते, त्यामुळे दोन्ही वाचने त्या अक्षरांच्या सांगाड्यात सारखीच बसतात. नवख्याने मात्र यावरून असा समज करून घेऊ नये, की लिपी अपुरी होती म्हणून लोकांनी आपापल्या तर्काने मात्रा भरल्या. वाचन स्वीकारण्यासाठी ते त्या लिखाणाशी जुळले पाहिजे, अरबी व्याकरणात बसले पाहिजे आणि उस्तादाकडून शिष्याकडे ऐकीव परंपरेने पोचलेले असले पाहिजे. व्याकरणात चपखल बसणारी पण कोणाकडून ऐकलेली नसलेली मात्रा किराअत ठरत नाही.

एकाच आसिम यांच्याकडून हफ्स जबर घेतात आणि शुअबा जेर घेतात, हे पहिल्यांदा कळते तेव्हा विद्यार्थी गोंधळतात. परंपरेत याचे कारण असे सांगितले जाते, की आसिम यांनी हफ्स यांना अबू अब्दुर्रहमान अस-सुलमी यांच्याकडून, म्हणजे हजरत अलींच्या सनदीने आलेले वाचन शिकवले, आणि शुअबा यांना जिर्र बिन हुबैश यांच्याकडून, म्हणजे हजरत इब्न मसऊद यांच्या सनदीने आलेले. याला जोडून तबरी यांच्या तफसीरमधली एक रिवायत मी नेहमी वाचून दाखवतो. तीत हेच सुलमी सांगतात, की हसन आणि हुसैन यांनी ही आयत जेराने वाचली, आणि त्या वेळी लोकांचे निवाडे करत असलेल्या हजरत अलींच्या कानावर ती पडताच त्यांनी ‘व अर्जुलकुम’ असे म्हटले, व हे वाक्यातल्या शब्दांच्या मागेपुढे होण्यातले आहे, असा खुलासा केला. हफ्स यांचा जबर कुठून आला आणि पाय डोक्याच्या नंतर येऊनही ‘धुवा’शी कसे जोडले जातात, या दोन्ही प्रश्नांचा धागा या एका प्रसंगात सापडतो.

मग प्रश्न उरतो तो जेराचा. सुन्नी फिकहचे चारही मजहब पाय धुणे फर्जच मानतात, आणि तरी जेराचे वाचन ते नाकारत नाहीत. उलट त्याचा अर्थ लावतात. काहींच्या मते जेराचे वाचन चामड्याच्या मोज्यांवरील मसहबद्दल आहे, म्हणजे दोन वाचने दोन वेगवेगळ्या परिस्थितींचे हुकूम सांगतात. काही व्याकरणकार म्हणतात, की शेजारच्या शब्दाच्या मात्रेचा प्रभाव पडून जेर आला आहे आणि अर्थ धुण्याचाच आहे. हे स्पष्टीकरण मला दुबळे वाटते, कारण मध्ये ‘व’ हे अव्यय असताना असा प्रभाव पडतो, हे अरबीच्या सर्व जाणकारांना मान्य नाही. जमख्शरी यांचे म्हणणे मला अधिक पटते: पाय धुताना पाणी फार सांडते, म्हणून ते मसहच्या शेजारी ठेवून पाणी बेताने वापरण्याची सूचना केली आहे, आणि ‘घोट्यांपर्यंत’ ही सीमा घालून हे मसह नव्हे, धुणे आहे, असे स्पष्ट केले आहे, कारण मसहला शरियतीत अशी सीमा सांगितलेली नाही. इमामी शिया विद्वान मात्र पायांवर मसहच करतात आणि जबराचे वाचनही डोक्याच्याच जागेशी जोडून दाखवतात. म्हणजे कोणत्याही पक्षाने दुसरे वाचन खोडलेले नाही, दोघांनीही दोन्ही वाचने समोर ठेवूनच आपले मत मांडले आहे.

शाफई विद्यार्थ्याने इथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपल्याकडे वजूतला क्रम फर्ज आहे, हनफींकडे तो सुन्नत आहे. आपल्या फुकहांची एक दलील अशी, की धुण्याच्या अवयवांमध्ये मसहचा अवयव मुद्दाम घातला आहे. क्रमाला महत्त्व नसते तर अरबी बोलणाऱ्याने चेहरा, हात आणि पाय सलग घेतले असते. ही दलील पाय धुण्याचा अवयव आहेत, हे गृहीत धरूनच उभी राहते, त्यामुळे ती जबराच्या वाचनावर सर्वांत सहज वाचता येते.

याच आयतीत पुढे ‘अव लामस्तुमुन्निसा’ असे येते. आपल्या मुसहफात तिथे लामवर खडा जबर आहे. हमजा आणि किसाई तो लांबवत नाहीत, ‘लमस्तुम’ वाचतात. लांब रूपात दोघांमधली क्रिया सूचित होते, तर आखूड रूपात एकाने केलेला स्पर्श. शाफई मजहबात महरम नसलेल्या स्त्री-पुरुषांच्या उघड्या त्वचेचा स्पर्श झाला की वजू जातो, पतीपत्नीचाही. हनफींच्या मते इथे समागम अभिप्रेत आहे. हजला निघालेल्या आपल्या लोकांना तवाफच्या गर्दीत हा प्रश्न फार जाणवतो, म्हणून गावागावांतल्या हज प्रशिक्षणात तो हमखास निघतो. ऐकणारा पटकन असा निष्कर्ष काढतो, की शाफई लोक ‘लमस्तुम’ वाचत असणार आणि हनफी ‘लामस्तुम’. प्रत्यक्षात चित्र उलटे आहे. ‘लमस्तुम’ वाचणारे हमजा कूफ्याचे, अबू हनीफा यांच्याच शहरातले आणि त्यांचे समकालीन; अबू हनीफा हिजरी 150 मध्ये वारले, हमजा 156 मध्ये. इमाम शाफई यांनी कुरआन शिकला तो मक्केच्या इब्न कसीर यांच्या परंपरेत, आणि तिथे ‘लामस्तुम’ आहे. आखूड वाचनाने शाफई मताला बळ मिळते हे खरे, पण त्या मताचा पाया हदीसे, सहाबांची मते आणि शब्दाचा मूळ अर्थ यांवर आहे. मजहब आणि किराअत यांच्या जोड्या लावत बसू नये, असे मी आग्रहाने सांगतो ते याच उदाहरणामुळे.

आता शिकण्याच्या प्रत्यक्ष अडचणीकडे येतो. या दोन शब्दांच्या चारही जोड्या अस्तित्वात आहेत. हफ्स, नाफिअ आणि इब्न आमिर ‘अर्जुलकुम’ आणि ‘लामस्तुम’ वाचतात, किसाई ‘अर्जुलकुम’ आणि ‘लमस्तुम’, हमजा ‘अर्जुलिकुम’ आणि ‘लमस्तुम’, तर इब्न कसीर, अबू अम्र आणि शुअबा ‘अर्जुलिकुम’ आणि ‘लामस्तुम’. त्यामुळे विद्यार्थ्याने वाचने मिसळली तरी केवळ या दोन शब्दांवरून ते पकडता येत नाही. मी कान लावतो तो ‘जाअ अहदुम्’ या ठिकाणी, जिथे दोन हमजा अक्षरे एकमेकांना भिडतात. अबू अम्र त्यांतला एक गाळून ‘जा अहदुम्’ वाचतात, शुअबा दोन्ही स्पष्ट उच्चारतात. इमाम हमजाही दोन्ही उच्चारतात, पण त्याआधीचा ‘जा’ सहा मात्रांपर्यंत लांबवतात. इब्न कसीर यांच्या वाचनात ‘वुजूहकुमू व ऐदियकुमू’ असा मीमच्या पुढे ऊकार येतो, आणि तो आयतीच्या सुरुवातीपासूनच ऐकू आला पाहिजे. अबू अम्र यांचे वाचन चालू आहे असे सांगून कोणी दोन्ही हमजा पूर्ण उच्चारले, तर ‘अर्जुलिकुम’ बरोबर असूनही त्याची जीभ हफ्सच्या सवयीवर घसरलेली आहे, हे तिथेच कळते.

म्हणून दुसरी रिवायत शुअबा यांचीच घ्यावी. उस्ताद एकच असल्याने मद आणि हमजा यांचे नियम बरेचसे ओळखीचे राहतात आणि लक्ष शब्दांतल्या फरकांवर देता येते. वहीत पूर्ण आयत लिहून फरकाच्या जागी फक्त मात्रा वेगळ्या शाईने लिहावी, आणि संपूर्ण आयत एका रिवायतीत उस्तादांना ऐकवल्याशिवाय दुसरीला हात लावू नये.

आपल्या किनाऱ्यावरून जहाजावर जाणारे लोक परदेशातून मुसहफ आणतात, त्याचीही नोंद घ्यावी. सुदानमध्ये अबू अम्र यांची दूरी रिवायत वाचली जाते. तिथून आलेला एक मुसहफ आमच्या मशिदीत पोचला, तेव्हा लामखालचा जेर पाहून एका जुन्या नमाजींनी छपाईची चूक समजून ते पान घडी घालून माझ्याकडे आणले. अशा वेळी आधी मुसहफाच्या शेवटच्या पानांवर रिवायतीचे नाव शोधावे. मग आयतीचा क्रमांक पाहावा: कूफी मोजणीत ही आयत सहावी आहे, मदीना आणि बसऱ्याच्या मोजणीत ‘बिल-उकूद’वर पहिली आयत संपत असल्याने ती सातवी होते. क्रमांक सात आणि लामखाली जेर असे दोन्ही एकत्र दिसले, तर चुकीची शंका जवळजवळ मिटते. त्या चाचांना मी हे दाखवले आणि त्यांनी घडी सरळ करून मुसहफ कपाटात ठेवला, मात्र हिफ्जच्या मुलांच्या हाती तो देऊ नये, असे आम्ही ठरवले.

शिकलेली रिवायत गावच्या जमातीत वाचण्याची घाईही करू नये. मागे उभे असलेले हाफिज हफ्सवर वाढलेले असतात. इमामाच्या तोंडून ‘अर्जुलिकुम’ ऐकताच ते लुकमा देतील, आणि त्यांच्या माहितीनुसार त्यांचे बरोबरच असेल.