नाव आवळायचं नाही: प्रशस्तिपत्रकावरच्या अक्षरांचा अनुभव

डीटीपीच्या कामाला लागून मला जेमतेम चार महिने झाले होते. बेळगावच्या शहापुरातल्या एका छोट्या दुकानात बसायचो. एका गावच्या वाचनालयाचं निबंध स्पर्धेचं काम आलं. चौऱ्याण्णव प्रशस्तिपत्रकं, आडवा ए-फोर, नमुना त्यांनीच दिलेला. त्यात ओळ अशी: ‘कु. .............. हिने निबंध स्पर्धेत ...’ ठिपक्यांची जागा मोजून १०५ मिलिमीटर.

‘उमा नाईक’ त्या ठिपक्यांत एका कोपऱ्यात जाऊन बसली. ‘ज्ञानेश्वरी मल्लिकार्जुन येळ्ळूरकर’ मावेना. मी काय केलं, तर कोरलमध्ये नाव धरलं आणि बाजूच्या खुणेनं आत ढकललं. बसलं. अशी अकरा नावं ढकलली. बक्षीस समारंभाच्या दुसऱ्या दिवशी एका मुलीचे वडील दुकानात आले. भांडले नाहीत. पत्रक टेबलावर ठेवून एवढंच म्हणाले, “आमच्या पोरीचं नाव असं आवळून का घातलंय?”

तेव्हा पहिल्यांदा मी ते नाव नीट बघितलं. अक्षर आडवं दाबलं की उभे दंड बारीक होतात, पण शिरोरेषेची जाडी तेवढीच राहते. त्यामुळे काना, वेलांटीचा दांडा सगळं काडीसारखं आणि वर रेषा मात्र ठसठशीत. शेजारच्या पत्रकावरचं न दाबलेलं नाव ठेवून बघितलं की हे दोन वेगळे फॉन्ट आहेत असं वाटतं. बघणाऱ्याला नेमकं कारण सांगता येणार नाही, पण खटकतं सगळ्यांना.

उलट चूकही मी केली आहे. आखूड नाव मोठं दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवलं. इंग्रजी कॅपिटल अक्षरांना ते शोभतं, कन्नडलाही थोडंफार चालतं, कारण कन्नड अक्षरं एकमेकांना रेषेनं जोडलेली नसतात. देवनागरीत अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते. ‘उमा’चे दोन तुकडे दिसतात. आखूड नावाला काहीही करू नका, ते मधोमध राहू द्या. खरी अडचण नावाची नसते, खाली मारलेल्या ठिपक्यांची असते. ठिपके काढून टाकले की चार अक्षरांचं नावही रिकामं वाटत नाही.

म्हणून पहिलं काम नमुना बदलण्याचं. नाव वाक्याच्या पोटातून बाहेर काढायचं आणि त्याला स्वतःची ओळ द्यायची. वर ‘प्रशस्तिपत्रक’, मग नाव, त्याखाली मजकूर. मजकूर ‘यांना ... प्रदान करण्यात येत आहे’ असा फिरवला की ‘हिने’, ‘याने’ हा घोळही संपतो. चौऱ्याण्णव मुलामुलींत कोण ‘शीतल’ मुलगा आणि कोण मुलगी हे आपल्याला कुठं माहीत असतं? काही शिक्षक म्हणतात, पाचवीच्या पोराला ‘यांना’ काय म्हणायचं. त्यांना दोन नमुने करायची तयारी असेल तर यादीत मुलगा-मुलगी वेगळी लिहून मागा. तसं कधी कुणी दिलेलं मला आठवत नाही.

आता मापाचं. ए-फोरची लांबी २९७ मिलिमीटर. दोन्ही बाजूंची नक्षी, डावीकडे मंडळाचं चिन्ह आणि उजवीकडे फोटो धरला तर नावासाठी मी १५० मिलिमीटर ठेवतो. एखाद्या मोठ्या मंडळाच्या पत्रकात ही जागा जास्त मिळेल, पण आकडा काम सुरू करण्याआधीच ठरवा.

मग सगळ्यात मोठं नाव शोधायचं. इथे नवखी माणसं एक्सेलमध्ये `=LEN(B2)` लावतात आणि फसतात. ‘मल्लिकार्जुन’ला उत्तर येतं १२. ‘कमलाबाई’ला ७. प्रत्यक्षात दोन्ही पाच अक्षरांची नावं, रुंदीत फरक थोडाच. एक्सेल हलन्त, वेलांटी, उकार सगळे वेगवेगळे मोजतं, आणि वर-खाली बसणाऱ्या खुणा रुंदी खातच नाहीत. त्यामुळे मोजायची ती रुंदी, अक्षरं नाहीत.

माझी पद्धत अगदी साधी आहे. कोरल असो की इनडिझाइन, एका लांब पानावर सगळी नावं एकाखाली एक, डावीकडे सरळ, ठरवलेल्या फॉन्टमध्ये ३६ पॉइंटला टाकतो. डाव्या कडेपासून १५० मिलिमीटरवर एक उभी रेघ आणि १६८वर दुसरी. बाकी कामाला डोळे पुरतात. पहिल्या रेघेच्या आतली सगळी नावं ३६ पॉइंटला राहतात. दोन रेघांच्या मधली ३२ पॉइंटला येतात, कारण १६८ ला ३२ नं गुणून ३६ नं भागलं की १४९ च्या आसपास येतं, म्हणजे बसतं. दुसऱ्या रेघेच्या बाहेर गेलेलं नाव दोन ओळींत.

१६८ का, तर मी ३२च्या खाली उतरत नाही. पत्रकं घेऊन मुलं रांगेत फोटोला उभी राहतात. ३६ आणि ३२ शेजारी शेजारी असले तर कुणाच्या लक्षात येत नाही, ३६ आणि २६ लगेच दिसतं. प्रत्येक नावाला ‘बसेल तेवढं’ असं वेगळं माप देणारी सोय सॉफ्टवेअरमध्ये असते. ती वापरली की चौऱ्याण्णव पत्रकांवर तीस मापं होतात आणि आखूड नावाचं पोर उगाच मोठं ठरतं.

वाचनालयाचंच उदाहरण घ्या. ‘ज्ञानेश्वरी मल्लिकार्जुन येळ्ळूरकर’ ३६ला भरलं १४० मिलिमीटर. १०५च्या ठिपक्यांत हे २७ पॉइंटवर गेलं असतं. स्वतःच्या ओळीत काही न करता बसलं असतं. पहिल्या दिवशी नमुना बदलला असता तर अकरापैकी दहा नावांना हात लावावा लागला नसता. उरलेलं एक, एका सत्कारमूर्ती बाईंचं, आधी पदवी, मग नाव, पतीचं नाव आणि दोन आडनावं, १८८ मिलिमीटर. एका ओळीत घालायचं तर २९ पॉइंटच्याही खाली. तिथे दोन ओळी करायच्या. तोडायचं ते आडनावाआधी. पदवी आणि नाव कधी वेगळं करायचं नाही, आणि ‘सौ.’ एकटी ओळीच्या शेवटी लोंबू द्यायची नाही. दोन ओळींत अंतर मी ३२ला ४६ ठेवतो. त्यापेक्षा कमी ठेवलं की वरच्या ओळीतल्या ‘र्जु’चा उकार खालच्या ओळीतल्या ‘र्की’सारख्या रफारावर आदळतो.

फॉन्टबद्दल. प्रशस्तिपत्रक म्हटलं की गिऱ्हाईक वळणदार मागतं. वळणदार द्या, पण आधी त्यात ही पाच नावं टाकून बघा: येळ्ळूरकर, बसवण्णा, गोऱ्हे, लक्ष्मी, शीतल. आपल्या भागात ही परीक्षा पुरते. ‘ळ्ळ’ अनेक देखण्या फॉन्टांमध्ये काढलेलाच नसतो, पाय मोडलेला ळ आणि पुढे ळ असं दिसतं. येळ्ळूरच्या माणसाला ते चालत नाही. ‘ण्णा’ आणि ‘प्पा’ तर इथे दर दहा नावांत एकदा येणार. ‘गोऱ्हे’त अर्धा र डोळ्याच्या पापणीसारखा यायला हवा. तिथे रफार आला तर नाव चुकलं. ‘लक्ष्मी’ आणि ‘शीतल’मध्ये ल आणि श बघा. मराठी वळणाचा ल आणि हिंदी वळणाचा ल वेगळे. काही फॉन्टांत दोन्ही असतात, पण मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय मराठी रूप येत नाही. Tiro Devanagari Marathi मुळातच मराठी वळणाचा आहे, औपचारिक कामाला मी तो बऱ्याचदा घेतो. मजकुराला Mukta. नावाला वळण आणि मजकुराला साधेपणा, एवढं पुरे. तिसरा फॉन्ट घेऊ नका.

इंग्रजी नाव खाली छोटं हवं असेल तर यादी बहुधा सगळी कॅपिटलमध्ये येते. लपेटीदार इंग्रजी फॉन्टमध्ये सगळी कॅपिटल टाकली तर नुसती वेलबुट्टी दिसते, नाव वाचता येत नाही. आधी `=PROPER(C2)` लावून घ्या.

कन्नडचं वेगळं. बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठेही गेलात तरी पत्रक दोन लिप्यांत मागणारं कुणीतरी भेटतंच. कन्नड अक्षरं मुळात रुंद आणि गोल, जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन ‘ओत्तु’ होऊन खाली लटकतं. त्यामुळे मराठीच्या रेघा कन्नडला लावू नका. कन्नड नावांचा वेगळा रकाना, वेगळं मोजमाप आणि खाली जास्त जागा. दोन्ही एकाच पॉइंटला ठेवले म्हणजे सारखे दिसतात असंही नाही, छापून हातभर अंतरावरून बघा. आणि मला कन्नड बोलता येतं म्हणून मी तपासतो, असं करू नका. ज्याचं शिक्षण कन्नडमधून झालंय त्याच्याकडून वाचून घ्या.

चुका खरं तर अक्षरांत कमी आणि यादीत जास्त होतात. कन्नड शाळेची यादी कन्नडमधून येते, दुसऱ्या शाळेची इंग्रजीतून. इंग्रजीतलं Naik हे नाईक की नायक? Gavade गावडे की गवडे? Kamble लिहिलेल्या यादीवरून एकानं ‘कांबले’ टाइप केलेलं मी स्वतः पकडलं आहे. म्हणून नावं देवनागरीत टाइप करून, छापून, वर्गशिक्षकांची सही घेतल्याशिवाय मी पुढे जात नाही. व्हॉट्सॲपवरचं ‘ओके’ मी धरत नाही. जुन्या फाइली श्रीलिपीत असतील तर युनिकोडमध्ये नेल्यावर ऱ्ह आणि ऱ्य असलेली नावं आधी तपासा, बिघाड तिथेच जास्त सापडतो. आणि प्रेसला फाइल देताना फॉन्ट आत बसवलेला पीडीएफ द्या.

शेवटी, दर कामाला नाव न घातलेली पाच पत्रकं जास्त छापून घ्या, तीही चकचकीत कार्डावर नको, साध्या खरखरीत कागदावर. समारंभाच्या सकाळी फोन येतोच, ‘एक नाव राहिलंय’. चकचकीत कार्डावर शाई वाळत नाही, बोटाला लागते. मी छापलेल्या पत्रकावर शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची पट्टीनं मोजतो, तेवढ्या अंतरावर पेन्सिलीनं दोन फिक्या रेघा मारतो आणि कट निबनं नाव लिहितो. निब देवनागरीच्या उताराची कापलेली घ्या, इंग्रजी सुलेखनाच्या संचातली घेतली तर जाडी भलत्याच बाजूला जाते. गेल्या मे महिन्यात दहावीच्या सत्काराला असंच एक नाव सकाळी नऊला आलं, ‘चन्नबसप्पा’. दोन पत्रकं ‘न्न’वर बिघडली, तिसरं जमलं, आणि पेन्सिल खोडायची तशीच राहून गेली.