एका डिपार्टमेंटचं बॅलन्स्ड स्कोअरकार्ड: ट्रेनिंगच्या तासांत अडकू नका

बॅलन्स्ड स्कोअरकार्ड म्हणजे काम फक्त पैशात न मोजता चार बाजूंनी मोजायचा तक्ता. फायनान्स, कस्टमर, प्रोसेस, लर्निंग हे त्याचे चार भाग तुम्हाला माहीत असतीलच, कॅप्लन आणि नॉर्टननी 1992 मध्ये मांडलेलं मॉडेल आहे, ते परत सांगत बसत नाही. मी हे सर्व्हिस डिपार्टमेंटसाठी केलंय, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी सोडवणारी टीम, त्यामुळे उदाहरणही तिथलंच देतो.

पहिली गोष्ट, नेटवरून तयार टेम्प्लेट घेऊन चार रकाने भरू नका. मला याचा खरंच राग येतो, कारण रकाने भरतात, मीटिंगमध्ये सगळे माना डोलावतात, आणि एका आकड्याचा दुसऱ्याशी काही संबंध नसतो. आधी टीमचं एक दुखणं पकडा. आमचं होतं, सोडवलेली तक्रार परत येणं. आकडे सोपे धरू: महिन्याला 1200 तक्रारी, त्यातल्या 240 परत येतात, प्रत्येकीवर दुसऱ्यांदा 40 मिनिटं जातात. म्हणजे 160 तास, जवळपास एका माणसाचा अख्खा महिना.

आता यावरून उलटं मागे जायचं. फायनान्समध्ये सुटलेल्या एका तक्रारीमागचा खर्च. तो कमी व्हायचा तर कस्टमरमध्ये परत आलेल्या तक्रारींचं प्रमाण खाली यायला हवं, ते यायचं तर प्रोसेसमध्ये पहिल्याच फोनवर सुटणाऱ्या तक्रारी वाढायला हव्यात, आणि त्यासाठी लर्निंगमध्ये... इथेच आम्ही अडकलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लर्निंगला आम्ही ट्रेनिंगचे तास लावले होते, बहुतेक जण तेच लावतात कारण हजेरीपटावरून आकडा आयता मिळतो. तास वाढत गेले, तो रकाना दर महिन्याला हिरवा, आणि पहिल्या फोनवर सुटणाऱ्या तक्रारी होत्या तिथेच. तास म्हणजे माणूस वर्गात बसला एवढंच, त्याला काम यायला लागलं का हे त्यातून कळतच नाही. मग आम्ही सगळ्यात जास्त येणारे पाच तक्रारींचे प्रकार काढले आणि प्रत्येक माणसासमोर लिहिलं की तो कुठला प्रकार कोणाला न विचारता सोडवू शकतो. हे त्याला विचारून नाही लिहायचं, टीम लीडरने त्याच्या बंद झालेल्या दोन-चार केस बघून लिहायचं. मोजमाप काय, तर पाचपैकी किमान चार प्रकार स्वतः सोडवणारी माणसं किती. तुमच्याकडे तास लावलेले असतील तर आजच काढा, खरंच. आणि काढल्यावर रकाना लाल झाला तर घाबरू नका, तो आधीही लालच होता, फक्त दिसत नव्हता.

साखळी खरी आहे का हे तपासायचं तर त्याच महिन्याचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. शिकलेलं कामात उतरायला वेळ लागतो, म्हणून लर्निंगचा जानेवारीचा आकडा प्रोसेसच्या मार्च-एप्रिलच्या आकड्याशी ताडून बघा. दोन तिमाही होऊनही लर्निंगचा आकडा हलला आणि प्रोसेसचा नाही, तर तो दुवा चुकीचा आहे, मोजमाप बदला. आमच्याकडे एका प्रकारात असंच झालं, माणसं तयार होती पण पार्ट मंजूर करायचा अधिकारच त्यांना नव्हता, तिथे अजून कितीही शिकवून उपयोग नव्हता.

‘परत आलेली तक्रार’ म्हणजे काय हे आधीच लिहून ठेवा. तोच ग्राहक, तीच अडचण, 30 दिवसांच्या आत, तक्रार नंबर नवा असला तरी. हे नाही लिहिलं तर जुनी बंद करून नवी उघडली जाते आणि प्रमाण कागदावर सुधारतं. म्हणूनच पहिलं वर्षभर हे आकडे इन्सेंटिव्हला जोडू नका असं माझं ठाम मत आहे, मॅनेजमेंट कितीही मागे लागली तरी.

टीमच्या गोलबद्दल थोडक्यात. चारही भाग प्रत्येकाच्या गळ्यात घालू नका. नव्या माणसाला त्याचे राहिलेले दोन प्रकार, लीडरला पहिल्या फोनवरचं प्रमाण, मॅनेजरला परत येणाऱ्या तक्रारी आणि खर्च, इतकं पुरतं. सगळं मिळून आठ-दहा मोजमापांच्या वर जाऊ नका.

आणि मेंटॉर हवा असेल तर कन्सल्टंटच्या आधी तुमच्या अकाउंट्समधल्या माणसाजवळ बसा. 240 च्या 150 झाल्या की महिन्याला 60 तास वाचले असं आपण खुशीत सांगतो, पण पगार तेवढाच असतो, त्यामुळे खर्चाचा आकडा हलत नाही आणि मग स्कोअरकार्डच खोटं वाटायला लागतं. ते 60 तास कुठे जाणार हे आधी ठरवावं लागतं, ओव्हरटाइम कमी होणार, की वाढलेल्या तक्रारी त्याच टीममध्ये बसणार, की नवी भरती टळणार. आम्ही ओव्हरटाइम धरला आणि खर्चाच्या आकड्याखाली ओव्हरटाइमचे तास वेगळे दाखवायला लागलो, तेव्हा कुठे फायनान्सच्या रकान्यात हालचाल दिसली.