मागणीचा नियम: दोन पानांचे उत्तर दोन आणि पाच गुणांत बसवताना

बारावीच्या अर्थशास्त्रातील हे उत्तर आखडते घेताना माझ्याकडून संज्ञाच निसटत. शेवटचे परिच्छेद गाळून पाहिले. स्वतःच्या शब्दांत गोषवारा लिहिला, तर ‘संकोच’च्या जागी ‘ऱ्हास’ आला, आणि ऱ्हास तर किमतीखेरीज इतर घटकांमुळे होतो. याचा फार मनस्ताप झाला.

अखेर आधी ज्यांच्यावाचून नियमच चुकतो त्या संज्ञा अधोरेखित केल्या आणि त्या एकाच वाक्यात गुंफल्या: ‘इतर परिस्थिती कायम असताना किंमत वाढल्यास मागणीचा संकोच व घटल्यास विस्तार होतो, म्हणजेच दोहोंत व्यस्त संबंध असतो.’ दोन गुणांना एवढे पुरते. पाच गुणांसाठी हेच वाक्य जसेच्या तसे वर ठेवून, खाली तीन ओळींचे मागणीपत्रक, डावीकडून उजवीकडे उतरणारा वक्र आणि त्यावर संकोच-विस्तार दाखवणारे एक वाक्य जोडले.